वाडवडिलांची जुनी वस्तू लाखोंना विकली, तर कर किती लागतो आणि कोणते कागद जपायचे?

धुळ्यातला एखादा जुना वाडा उतरवायला काढला, की माळ्यावरच्या पेटीत काय काय सापडतं. पितळी समया, चांदीची उपकरणी, कुलूप गंजलेली तिजोरी, लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या. यातल्या बहुतेक वस्तू मोडीत किंवा नातेवाईकांकडे जातात. पण एखाद्या वस्तूची किंमत मुंबईचा लिलाववाला पंचवीस-तीस लाख सांगतो, आणि घरात प्रश्न सुरू होतात. पैसे कोणाच्या खात्यावर घ्यायचे? वारशाच्या वस्तूवर कर असतो का? आजोबांनी ती कितीला घेतली हे कोणालाच माहीत नाही, मग नफा मोजायचा कसा?

ही सगळी उत्तरं तीन कागदांवर येऊन थांबतात. वस्तू कुटुंबाकडे कशी आली याचा कागद, १ एप्रिल २००१ रोजी तिची किंमत काय होती याचा कागद, आणि ती वस्तू पुरावशेष असेल तर नोंदणीचा कागद. हे तीन हाताशी असतील तर कराचा हिशेब अवघड नाही. ते नसतील तर कर वाढतो आणि कधीकधी व्यवहारच अडतो.

वारसा मिळाला तेव्हा कर नाही, विकल्यावर आहे

भारतात वारसा कर नाही. पूर्वी इस्टेट ड्यूटी होती, ती १९८५ मध्ये रद्द झाली. त्यामुळे वडिलांच्या पश्चात पोथी, चित्र किंवा दागिने मुलांकडे आले, तर त्या वेळी कोणताही आयकर द्यावा लागत नाही. मृत्युपत्राने मिळालं काय आणि वारसाहक्काने मिळालं काय, दोन्हीला हेच लागू आहे.

कर येतो तो विक्रीच्या वेळी, आणि तोही पूर्ण रकमेवर नाही तर नफ्यावर. याला भांडवली नफा म्हणतात. मात्र प्रत्येक जुन्या वस्तूवर हा कर लागत नाही. घरात वापरायच्या जंगम वस्तू, म्हणजे कपाट, पलंग, झोपाळा, स्वयंपाकाची भांडी, या वैयक्तिक वापराच्या वस्तू धरल्या जातात आणि त्यांच्या विक्रीचा नफा करातून सुटतो. घरात रोज वापरात असलेलं आजोबांचं सागवानी कपाट दोन लाखांना गेलं, तरी सहसा त्यावर कर येत नाही.

पण कायद्याने या सवलतीतून काही वस्तू मुद्दाम वगळल्या आहेत. दागिने, पुरातन वस्तूंचा संग्रह, रेखाचित्रं, रंगचित्रं, शिल्पं आणि कोणतीही कलाकृती. या वस्तू घरात कितीही वर्षं असल्या, तरी त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. जळगावच्या सराफ बाजारात आजीची पुतळीमाळ मोडली, तर तीही या यादीत येते.

पूजेतल्या नाण्यांबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी मांडतो, म्हणजे ती वैयक्तिक वापराचीच, असं वाटतं. हा मुद्दा धोलपूरचे महाराणा हेमंतसिंहजी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या विटा महालक्ष्मीच्या पूजेत ठेवल्या जातात, म्हणून त्या वैयक्तिक वस्तू आहेत, असं त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. १९७६ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. वस्तूचा मालकाच्या देहाशी किंवा रोजच्या वापराशी जवळचा संबंध हवा, वर्षातून एकदा पूजेत ठेवणं पुरेसं नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

एक उदाहरण: सचित्र पोथी, ३६ लाख रुपये

हिशेब समजायला एक काल्पनिक कुटुंब घेऊ. धुळ्यातल्या एका घरात दीडशे वर्षांहून जुनी सचित्र पोथी आहे. ती आजोबांकडे होती. आजोबा १९७८ मध्ये गेले आणि पोथी वडिलांकडे आली. वडील २०१९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, जळगावला नोकरी करणारा मुलगा आणि लग्न होऊन नाशिकला गेलेली, तिथे नोकरी करणारी मुलगी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या लिलावात पोथी ३६ लाखांना विकली गेली. लिलाव करणाऱ्या संस्थेचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४ लाख कापले गेले आणि ३२ लाख हातात आले.

पहिला प्रश्न, ही वस्तू किती काळ कुटुंबाकडे होती? वारशात मिळालेल्या वस्तूला आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो. त्यामुळे वडील जाऊन सहाच वर्षं झाली असली तरी पोथी आजोबांच्या काळापासूनची धरली जाते. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला नियम असा आहे, की अशी वस्तू २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लागतो. पूर्वी महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेता यायची आणि दर २० टक्के होता. अशा वस्तूंसाठी महागाईची ती सोय आता राहिलेली नाही.

दुसरा प्रश्न, खरेदी किंमत कोणती धरायची? नियमाने आधीच्या मालकाची खरेदी किंमत वारसाची खरेदी किंमत होते. आजोबांना पोथी कितीला मिळाली याची पावती असणं जवळपास अशक्य. म्हणून कायदा दुसरा रस्ता देतो. वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधी कुटुंबात आली असेल, तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून घेता येते. समजा मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराने ती ५ लाख ठरवली.

मग हिशेब असा होतो. विक्री ३६ लाख, वजा विक्रीचा खर्च ४ लाख, वजा २००१ ची किंमत ५ लाख. नफा २७ लाख. २००१ च्या मूल्यांकनाचा कागद नसता आणि खरेदी किंमत शून्य धरावी लागली असती, तर नफा ३२ लाख झाला असता. एका कागदामुळे ५ लाखांचा नफा करातून वाचला.

पैसे एकाच्याच खात्यावर घेतले तर?

इथे बहुतेक घरांत चूक होते. मोठ्या मुलाचं बँकेत सगळं व्यवस्थित असतं, म्हणून पूर्ण रक्कम त्याच्या खात्यावर घेतली जाते आणि नंतर आई-बहिणीला वाटून दिली जाते. आयकर खात्याच्या नोंदीत मात्र विकणारा एकच माणूस दिसतो.

वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा आहे. मुलीचं लग्न झालं म्हणून वाटा जात नाही. म्हणजे मालक तिघे, आणि प्रत्येकाचा नफा ९ लाख.

मुलगा आणि मुलगी दोघे नोकरी करतात, त्यांच्या पगारातच करमुक्त मर्यादा संपते. त्यामुळे प्रत्येकाला ९ लाखांवर १,१२,५०० रुपये कर आणि ४,५०० रुपये उपकर, एकूण १,१७,००० रुपये. आईला दुसरं काही उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर ही मर्यादा दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येते. तिचा कर ५ लाखांवर, उपकरासह ६५,००० रुपये. तिघांचा मिळून २,९९,००० रुपये. हाच सगळा नफा मुलाच्या एकट्याच्या नावावर दिसला असता, तर कर ३,५१,००० रुपये झाला असता.

अर्थात कर वाचवण्यासाठी वाटे पाडायचे, असा याचा अर्थ नाही. जे मालक आहेत त्यांच्या नावावर त्यांचा वाटा दिसला पाहिजे, एवढंच. मालकी खरोखर एकाचीच असेल, उदाहरणार्थ मृत्युपत्राने पोथी मुलीलाच दिली असेल, तर संपूर्ण नफा तिचाच. वस्तू एकत्र हिंदू कुटुंबाची असेल आणि त्या कुटुंबाचं वेगळं पॅन असेल, तर नफा त्या पॅनवर दाखवावा लागतो.

आणखी एक गैरसमज. १२ लाखांपर्यंत कर नाही, हे वाक्य समाजमाध्यमांवर सगळीकडे फिरतं. ती सवलत पगार, व्याज, पेन्शन अशा नेहमीच्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला आहे. भांडवली नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ती मिळत नाही. म्हणूनच वरच्या उदाहरणात आईचं एकूण उत्पन्न ९ लाख असूनही तिला कर भरावा लागतो.

२००१ चं मूल्यांकन कसं असावं?

मूल्यांकन अहवाल म्हणजे लेटरहेडवर लिहिलेला आकडा नव्हे. आयकर खात्याकडे नोंदणी असलेला मूल्यांकनकार घ्यावा, आणि तो त्या प्रकारच्या वस्तूसाठी नोंदलेला असावा. दागिन्यांचा मूल्यांकनकार पोथीच्या किंवा चित्राच्या कामाचा नाही. अहवालात वस्तूचं वर्णन, मापं, फोटो, अवस्था आणि २००१ च्या आसपास तशा वस्तू कितीला विकल्या गेल्या याचा आधार हवा.

आजची किंमत घेऊन तिच्यातून अंदाजे टक्केवारी कमी करून काढलेला आकडा तपासणीत टिकत नाही. किंमत मुद्दाम फुगवली आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. वस्तू विकून परदेशी किंवा दुसऱ्या शहरात गेल्यावर तपासणी अवघड होते, म्हणून अहवाल विक्रीच्या आधी करून घेणं सोयीचं.

वस्तू नेमकी काय आहे हे ओळखायला मात्र जवळच मदत मिळू शकते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा संग्रह असलेलं श्री समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेला शक, गाव आणि नाव वाचता आलं, तर वय आणि मूळ ठरवायला त्याचा मोठा उपयोग होतो. फक्त अभ्यासकाचं मत म्हणजे मूल्यांकन अहवाल नाही. ते अहवालाला जोडायचा आधार आहे.

नोंदणीशिवाय विक्री अडते

१९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी, कोरीव वस्तू त्यात पुरावशेष ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. यातल्या काही प्रकारांची नोंदणी मालकाला करावीच लागते. दगड, धातू, हस्तिदंत, लाकूड यांतली शिल्पं, रंगचित्रं आणि चित्रं असलेली हस्तलिखितं ही त्यात येतात. देव्हाऱ्यातली शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्तीही यातून सुटत नाही. साधी, चित्रं नसलेली पोथी या नोंदणीच्या यादीत नाही.

वस्तू नव्या माणसाच्या ताब्यात आली, की त्याने नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि नोंदलेली वस्तू विकली तर मालकी बदलल्याचंही कळवायचं असतं. बऱ्याच घरांत आजोबांनी नोंदणी केलेली नसते. अशा वेळी ती गोष्ट लपवून चोरून विकण्यापेक्षा, जाणत्या वकिलाला विचारून अर्ज करावा. नामांकित लिलाव संस्था अशी वस्तू नोंदणीशिवाय हाती धरत नाहीत, आणि जो धरतो तो भाव पाडून मागतो.

आपली एक वस्तू विकण्यासाठी परवाना लागत नाही. परवाना अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला लागतो. मात्र पुरावशेष देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला पूर्ण बंद आहे. म्हणून परदेशातला ग्राहक जास्त पैसे देतो, कुरिअरने पाठवा, असं कोणी सांगत असेल तर तो गुन्ह्याचा रस्ता आहे. जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असे संदेशही येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये इशारा दिला होता.

वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत पुरलेलं काही सापडलं, तर तो वारसा धरता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची अशी वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मालकी कोणाची, हे त्यानंतर ठरतं. पेटीतली पोथी आणि भिंतीतला हंडा, कायद्याला हे दोन वेगळे प्रकार आहेत.

वारशाने मिळाली म्हणजे वाद संपला, असंही नसतं. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने उत्खनन केलं आणि तिथली बौद्ध रत्नं त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मे २०२५ मध्ये वारसांनी ती हाँगकाँगच्या लिलावात काढली, तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये ती रत्नं भारतात परत आली. वस्तू मुळात कुठून आली, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनीही विचारला गेला.

फाईलमध्ये काय असावं?

वरच्या कुटुंबाने विक्रीआधी एक फाईल केली असं धरू. तिच्यात पुढचे कागद असतील.

१. आजोबा आणि वडिलांचे मृत्यूचे दाखले, आणि मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत.

२. वारस कोण आहेत याचा कागद. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळतो. वारसांत वाद नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र आणि कोणाचा किती वाटा हे सांगणारा करारही सोबत ठेवावा.

३. वस्तू जुन्या काळापासून घरात असल्याचा पुरावा. लग्नातला किंवा पूजेतला फोटो ज्यात वस्तू दिसते, आजोबांच्या वहीतली नोंद, जुनं पत्र, विम्याची यादी. हा कागद सर्वांत साधा वाटतो, पण वस्तू २००१ आधीची आहे आणि चोरीची नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्यावर टिकतात.

४. नोंदणी प्रमाणपत्र आणि मूल्यांकन अहवाल.

५. लिलाव संस्थेशी झालेला करार, विक्रीचा हिशेब, कमिशनचं बिल, आणि तिघांच्या खात्यांवर वेगवेगळी रक्कम जमा झाल्याची बँकेची नोंद.

विक्रीनंतरही ही फाईल सात-आठ वर्षं तरी जपावी. खात्यावर आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारला गेला आणि सांगता आला नाही, तर ती रक्कम स्पष्टीकरण नसलेला पैसा धरली जाते. मग १२.५ टक्क्यांचा दरही मिळत नाही आणि २००१ ची किंमतही वजा होत नाही. संपूर्ण रकमेवर चढ्या दराने कर बसतो.

रोखीचा मोहही टाळावा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. रक्कम तीन हप्त्यांत घेतली तरी व्यवहार एकच असेल तर नियम मोडतोच.

कर कधी भरायचा, कमी कसा होतो?

विक्री ऑक्टोबरमध्ये झाली, तर मुलगा आणि मुलीला त्यानंतरच्या हप्त्यांत, म्हणजे १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर भरावा लागतो. थेट विवरणपत्राच्या वेळी भरला तर व्याज लागतं. आई ६० वर्षांवरची असेल आणि तिचा काही धंदा नसेल, तर तिला आगाऊ कराची सक्ती नाही. विवरणपत्र भरताना साधा आयटीआर-१ चालत नाही. नोकरदारांना अशा नफ्यासाठी आयटीआर-२ भरावा लागतो.

कर कमी करण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे घर. विक्रीतून हातात आलेली निव्वळ रक्कम भारतात राहतं घर घेण्यात गुंतवली, तर नफा करमुक्त होतो. विक्रीआधी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षांत घर विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधायचं. विक्रीच्या दिवशी माणसाकडे एकाहून जास्त घरं नसावीत, आणि नवं घर तीन वर्षं विकता येत नाही. रक्कम अर्धवट गुंतवली, तर सूटही त्याच प्रमाणात. मुलाच्या वाट्याला निव्वळ १०,६६,६६७ रुपये आले आणि त्याने ८ लाख, म्हणजे त्यातला पाऊण भाग, जळगावच्या फ्लॅटसाठी वापरले, तर ९ लाख नफ्यातले ६ लाख ७५ हजार करातून सुटतात आणि २ लाख २५ हजारांवर कर राहतो. जमीन किंवा घर विकणाऱ्यांसाठी असलेले करबचतीचे रोखे मात्र पोथी, चित्र किंवा दागिने विकणाऱ्याला चालत नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा येत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. जुन्या लेखांत किंवा व्हिडिओत सांगितलेलं कलम शोधून सापडलं नाही, तर विक्रीच्या तारखेला लागू असलेला दर आणि मुदत सीएकडून पाहून घ्यावी. २००१ चं मूल्यांकन आणि वारसाचा कागद मात्र त्याच्याकडे जाण्याआधीच तयार असावा, कारण पोथी एकदा घराबाहेर गेली, की हे दोन्ही कागद मागे वळून करणं फार अवघड जातं.